डॉलरची चार बिलं आणि 9,860 रुपयांचा फरक

विक्रीचं खातं आणि बिलांची बेरीज जुळेना म्हणून दोन संध्याकाळी फुकट गेल्या. चूक निघाली एक्सेलमधल्या एका AVERAGE मध्ये.

निर्यातीची महिन्याची बिलं आम्ही महिन्याच्या सरासरी दराने रुपयांत नोंदवतो. लेखा मानक 11 त्याला परवानगी देतं, अट एवढीच की दर फार हललेला नसावा. त्या महिन्यात चार बिलं होती (आकडे सोपे करून देतोय): 500 डॉलर 83.20 ने, 700 डॉलर 83.40 ने, 800 डॉलर 83.60 ने, आणि महिनाअखेरीला 10,000 डॉलरचं मोठं बिल 84.80 ने.

चार दरांची साधी सरासरी 83.75 येते. 12,000 डॉलर गुणिले 83.75 म्हणजे 10,05,000 रुपये. आता प्रत्येक बिल त्याच्या त्याच्या दराने गुणा: 41,600, 58,380, 66,880 आणि 8,48,000. बेरीज 10,14,860. तिला 12,000 ने भागलं की भारित सरासरी 84.5717. फरक 9,860 रुपयांचा.

साध्या सरासरीत 500 डॉलरच्या बिलाला 10,000 च्या बिलाइतकंच मत मिळतं, गोम तिथेच आहे. बिलं सारख्या रकमेची असती तर दोन्ही उत्तरं एकच आली असती.

मला सगळ्यात जास्त छळलं ते या 9,860 नी, कारण ते गायब होत नाहीत. विक्री कमी दराने नोंदली की पुढे पैसे आल्यावर तेवढी रक्कम विनिमय नफा म्हणून उगवते. एकूण नफा जुळतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. फक्त विक्री कमी दिसते आणि दरातली कमाई फुगलेली. आमच्याकडे रुपया फारसा हललेला नसतानाही विनिमय नफा मोठा दिसला, तेव्हा कुठे शोध सुरू झाला.

B मध्ये डॉलर, C मध्ये दर असतील तर:

```
=SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)/SUM(B2:B5)
```

उत्तर दोन दशांशांवर कापू नका. 84.57 धरलं तर 12,000 डॉलरवर 20 रुपये कमी पडतात आणि पुन्हा शोधाशोध. चार दशांश ठेवले की फरक पैशांत राहतो.

हो, आणि वजन डॉलरचंच द्यायचं. हाताशी फक्त रुपयांचे आकडे असतील तर आधी प्रत्येक रक्कम तिच्या दराने भागून डॉलर काढा, मग एकूण रुपये भागिले एकूण डॉलर. बँकेत जमा झालेल्या रकमेवरून दर काढत असाल तर बँकेने कापलेले चार्जेस आधी त्या रकमेत जोडा, नाहीतर दर उगाच कमी येतो.

महिनाअखेरीला येणं राहिलेल्या डॉलरला मात्र यातली कुठलीच सरासरी लावायची नाही. तिथे त्या दिवसाचा बंद दर.