कोंड्याच्या टाळूवर केस रंगवताना

भाद्रपदात गणपती येण्याच्या आदल्या दिवशी मी घरीच केस रंगवले आणि दहाव्या मिनिटाला डोक्याची आग व्हायला लागली. पॅकवर तीस मिनिटं लिहिलंय म्हणून दात आवळून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी कानामागची कातडी सोललेली, तिथून लस येत होती. आरतीला उभी होते, पण सगळं लक्ष डोक्याकडे.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. कोंडा दिसू नये म्हणून मी त्याच सकाळी बारीक फणीने खरवडून काढला होता, वर शाम्पू. म्हणजे टाळूवर बारीक ओरखडे, नैसर्गिक तेलकटपणा धुऊन गेलेला आणि त्यावर अमोनिया-पेरॉक्साइडचा लेप. त्यात वेंगुर्ल्याची दमट हवा. घाम आला की रंग पातळ होऊन टाळूवर ओघळतो.

सावंतवाडीच्या त्वचेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "आग रंग लावतानाच झाली, की एक-दोन दिवसांनी खाज सुटून पापण्या-कान सुजले?" माझी आग धुतल्यावर तासाभरात शमली होती, सूज नव्हती. म्हणजे चुरचुरीचा त्रास असण्याची शक्यता जास्त. मात्र उशिरा खाज आणि सूज आली असती तर ती पीपीडी या रंगद्रव्याची ॲलर्जी असू शकते आणि मग क्रीम लावून, वेळ कमी करून काही उपयोग नसतो. तो रंग कायमचा बंद. बाजारातल्या "काळ्या मेंदी"तसुद्धा बहुतेकदा हेच पीपीडी असतं, हे मला तिथेच समजलं.

माझा कोंडा कोरडेपणाचा नव्हताच. पिवळट, चिकट पापुद्रे, खाली लाल कातडी. तो टाळूवरच्या यीस्ट या बुरशीशी जोडलेला असतो आणि तेल त्याला पोसतं. घरी सासूबाईंचं सुरूच, "खोबऱ्याचा त्याल लाव गो, कोंडो जातलो." त्यांच्या मायेला नाही म्हणणं जड गेलं, पण टाळूचं तेल मी बंद केलं. दोन टक्के किटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस पाच मिनिटं ठेवून, असा चार आठवडे. उजव्या कानामागचा रुपयाएवढा लाल डाग सोडला तर टाळू शांत झाली.

मार्गशीर्षात पुतणीचं लग्न होतं. रविवारी रंगवायचं ठरवलं, म्हणून बुधवारी सकाळी थोडा रंग कालवून कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावला. अठ्ठेचाळीस तासांनी पाहिलं, रविवारी पुन्हा पाहिलं, काही नव्हतं. शुक्रवारी शेवटचं न्हाणं, त्यानंतर डोक्याला फणी नाही, नखही नाही.

रविवारी सकाळी सात वाजता, ऊन तापायच्या आत, जाऊबाई पंख्याखाली उभ्या राहिल्या. आधी केसांचे चार भाग करून चाप लावले. मग व्हॅसलिन. कपाळाच्या कडेने, कानांवर, मानेवर बोटभर पट्टी, जाडसर, पण केसांच्या मुळांना न लागता. कारण व्हॅसलिन लागलेल्या केसावर रंग चढत नाही. लाल डागावर मात्र मी कापसाच्या काडीने मुद्दाम थर दिला. तिथले केस पांढरे राहणार हे मान्य करूनच.

जाऊबाईंनी ब्रश टाळूपासून तांदळाच्या दाण्याएवढा दूर ठेवला. मुळाशी थोडा पांढरा राहतो, पण रंग कातडीला घासला जात नाही. मागून सुरुवात केली आणि कानशिलं शेवटी, कारण तिथली कातडी सर्वांत नाजूक. वेळेचं गणित इथेच चुकतं: पॅकवरची वेळ लावून संपल्यापासून मोजतात. लावायलाच वीस मिनिटं घालवली तर मागच्या भागावर रंग पन्नास मिनिटं बसतो. चाप आधीच लावल्याने आमचं बारा मिनिटांत उरकलं. विसाव्या मिनिटाला त्यांनी एक बट ओल्या कापडाने पुसून पाहिली. रंग नीट चढला होता, म्हणून पंचविसाव्या मिनिटालाच धुतलं. मध्ये चुरचुरलं असतं तर पाचव्या मिनिटालाही धुवायचं, असं आमचं ठरलेलं होतं.

आधी व्हॅसलिन कापसाने बाहेरच्या बाजूला पुसून घेतलं, मग कोमट पाणी, ते स्वच्छ निघेपर्यंत, चोळणं नाही. औषधी शाम्पू त्यानंतर चार दिवसांनी.

सोमवारी संध्याकाळी जाऊबाईंनी कानामागे बघितलं. डाग होता तेवढाच, लस नाही, पापण्या हलक्या. वरची दोन बोटं पांढरी बट तशीच राहिली होती. लग्नाच्या दिवशी त्यावर अबोलीचा वळेसार माळला.