९३६ च्या आड लपलेले ३१०

मागच्या वेळी मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं: बेडरूमचा पीसी ते हॉलमधला फाइली साठवणारा नॅस, वेग मोजणाऱ्या आयपर्फवर ९३६ मेगाबिट, म्हणजे घरचं नेटवर्क स्वच्छ, आता फाइली रखडत असतील तर दोष डिस्कचा. ते शब्द मुकाट्याने मागे घेते. बिचाऱ्या डिस्कचा काहीही संबंध नव्हता, आणि एसएसडीची ऑर्डर कार्टमध्येच राहिली हे नशीब.

माझी चूक अशी की मी एकाच दिशेने मोजलं होतं. नॅसवर सर्व्हर, पीसीवर क्लायंट. आयपर्फमध्ये काही न सांगता क्लायंट पाठवतो आणि सर्व्हर घेतो, त्यामुळे मी मोजला तो पीसीकडून नॅसकडे जाणारा प्रवाह. तक्रार मात्र नेमकी उलट होती: नॅसवरून फाइल घेताना वेग सेकंदाला ३५-३६ मेगाबाइटवर अडकायचा. परवा सहज उलट दिशेने मोजणारा `-R` लावून बघितलं.

```
iperf3 -c 192.168.1.20 -t 30
iperf3 -c 192.168.1.20 -t 30 -R
```

पहिली ओळ, ९३६. दुसरी ओळ, ३१०! तीनदा चालवलं, तीनदा तेच. दोन्ही बाजूंना लिनक्स असल्यामुळे शेवटच्या सारांशात पाठवणाऱ्याच्या ओळीत `Retr`, म्हणजे पुन्हा पाठवावी लागलेली पॅकेट, दिसतं, तिथे आठ हजारांच्या आसपास आकडा. `-R` मध्ये दर सेकंदाच्या ओळींत हा रकाना येत नाही, कारण पाठवणारं यंत्र पलीकडे असतं. म्हणून शेवटपर्यंत थांबून खालच्या दोन ओळी वाचायच्या. आणि खरं सांगायचं तर मागच्या ९३६ च्या चाचणीतही दहा सेकंदांत `Retr` २१२ होता. दिसला होता, मी दुर्लक्ष केलं. चांगल्या गिगाबिट तारेवर लिनक्स ते लिनक्स ९४१ यायला हवं आणि तो रकाना शून्याच्या जवळ हवा.

(९४१ च का, हे दर वेळी कोणीतरी विचारतंच. १५०० बाइटच्या पॅकेटमधून आयपी, टीसीपी आणि टाइमस्टॅम्प वजा केले की १४४८ बाइट माल उरतो, आणि फ्रेमची सगळी झूल धरून तारेवर जागा लागते १५३८ बाइटची. भागून बघा. विंडोजवर टाइमस्टॅम्प बहुधा बंद असतात, म्हणून तिथे ९४९ दिसतं.)

आता शोध. आधी नॅस उचलून बेडरूममध्ये आणला आणि मीटरभराच्या तयार पॅच कॉर्डने थेट पीसीला जोडला. दोन्ही दिशांनी ९४१, `Retr` शून्य. म्हणजे दोन्ही कार्डं, ड्रायव्हर आणि सीपीयू सुटले. मग पीसी हॉलमध्ये नेऊन स्विचला लावला, नॅसही त्याच स्विचवर. पुन्हा ९४१. स्विचही सुटला. उरली भिंतीतली लाइन, हॉल ते बेडरूम, जेमतेम बारा मीटर.

तरी मन मानेना, कारण लिंक व्यवस्थित १००० वर येत होती आणि टेस्टरवर आठही दिवे १ ते ८ क्रमाने लागत होते. तार वाईट, की कुठेतरी बफर भरून पॅकेट सांडतायत? इथे यूडीपी कामाला आलं. `-b` न देता `-u` लावलं तर आयपर्फ फक्त १ मेगाबिटने पाठवतो, हे विसरून मी पहिली पाच मिनिटं वाया घालवली. मग नीट:

```
iperf3 -c 192.168.1.20 -u -b 100M -t 30 -R
ethtool -S enp3s0 | grep crc
```

१०० मेगाबिटला गळती सुमारे १ टक्का. ५०० मेगाबिटलाही सुमारे १ टक्काच. बफर भरत असता तर १०० ला गळती जवळपास नसती आणि वेग वाढवल्यावर ती वाढली असती. इथे वेगाशी देणंघेणंच नाही, दर शंभरातलं एक पॅकेट वाटेत मरतंय. आणि मग या आठवड्यातला सगळ्यात गोड क्षण: १०० मेगाबिटच्या चाचणीत साधारण २ लाख ५९ हजार पॅकेटांपैकी हरवली २,६४१, आणि पीसीच्या कार्डाचा `rx_crc_errors` चाचणीच्या आधी आणि नंतर बघितला तर वाढला २,६४३ ने. पॅकेट हरवत नव्हती, फाटकी होऊन पोचत होती, आणि कार्ड ती टाकून देत होतं. (माझ्या इंटेल कार्डावर हा काउंटर या नावाने आहे. तुमच्या ड्रायव्हरमध्ये नाव वेगळं असेल तर `ip -s -s link` मध्ये crc चा रकाना बघा.)

नवी कॅट ६ ओढायचं ठरवलं, वायरमनला फोनही केला. पण तो रविवारपर्यंत येणार नव्हता, म्हणून बसल्या बसल्या कनेक्टर डोळ्यांजवळ धरून रंग वाचले. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दिसायला किती सुबक! जोड्या शेजारीशेजारी, दुसऱ्या टोकाला तंतोतंत तसंच. टेस्टर खूश होणारच, कारण तो फक्त १ ची तार १ ला पोचते का एवढंच बघतो. पण ईथरनेट ३ आणि ६ ही एक जोडी धरतं, ४ आणि ५ ही दुसरी. इथे ३ वर हिरव्या पिळातली तार आणि ६ वर निळ्या पिळातली. एकमेकींना न पिळलेल्या दोन तारा एक जोडी म्हणून वापरल्या की पिळाने रद्द होणारा गोंगाट रद्द होत नाही, आणि शेजारच्या जोडीचा सिग्नल आत झिरपतो. यालाच स्प्लिट पेअर म्हणतात. एका दिशेला जास्त का, याचं उत्तर मला एवढंच सुचतं की दोन टोकांच्या चिपा तोच गोंगाट सारख्या ताकदीने पचवत नाहीत. स्विचची चिप जास्त सोशीक निघाली.

दिवेवाल्या स्वस्त टेस्टरबद्दल माझं मत आता पक्कं झालंय: तुटलेली तार शोधायला ठीक, बाकी विश्वास ठेवू नका. पास-थ्रू कनेक्टर मात्र घ्याच. तारा पुढून बाहेर येतात, त्यामुळे रंगांचा क्रम दाबायच्या आधी वाचता येतो. त्यांना वेगळी क्रिम्पर लागते, जी जास्तीच्या तारा कापते. माझ्या जुन्या पकडीने पहिले दोन वाया गेले.

दोन्ही टोकं कापून टी५६८बी क्रमाने पुन्हा लावली: निळा ४ वर, पांढरा-निळा ५ वर, हिरवा ६ वर. जाताना ९४१, येताना ९४१, `Retr` ० आणि ०. सीआरसीचा काउंटर रात्रभर हलला नाही. फाइल कॉपी ११२ मेगाबाइटला गेली. वायरमनला फोन करून रविवार रद्द केला.

खरं तर या पोस्टचा शेवट २.५ गिगाबिटच्या कार्डांवर करणार होते, २.३५ गिगाबिट मिळतात का ते बघायला. पण लिहिता लिहिता लक्षात आलं की अभ्यासाच्या खोलीतली लाइनही त्याच हाताने ओढलेली आहे. तिथे प्रिंटर आहे, तो १०० मेगाबिटवर चालतो, म्हणजे १-२ आणि ३-६ या दोनच जोड्या वापरतो, आणि त्यातली ३-६ बहुधा फाटलेलीच. अधूनमधून त्याचं काम मध्येच अडकतं ते मी इतकी वर्षं प्रिंटरच्या माथी मारत आलेय. प्रिंटरवर आयपर्फ चालत नाही, म्हणून उद्या त्याची तार काढून लॅपटॉपला लावते. कार्डं पुढच्या महिन्यात.