बाईंचं निरोपाचं भाषण

आमच्या शाळेच्या ग्रंथपाल बाई निवृत्त होणार होत्या. बडोद्यातली शाळा, त्यामुळे स्टाफ निम्मा मराठी, निम्मा गुजराती. निरोप समारंभात बाईंना आभाराचे चार शब्द दोन्ही भाषांत बोलायचे होते. आदल्या दिवशी त्या कागद घेऊन माझ्याकडे आल्या, "जरा ऐक गं."

मी घड्याळ लावून ऐकलं. मराठीची तीन मिनिटं झाली. त्यात माणसं होती, प्रसंग होते, बाई हसत होत्या. मग गुजराती सुरू झालं: "सहु स्टाफमित्रोनो हुं हृदयपूर्वक आभार मानुं छुं." मिनिटभरात संपलं, आणि तेवढा वेळ बाईंची मान कागदातच होती. आयुष्यभर फडाफडा गुजराती बोललेली ही बाई परिपत्रक वाचतेय असं वाटलं.

मी म्हटलं, "बाई, इथे दोन्ही भाषा जवळपास सगळ्यांना कळतात. मग एकच गोष्ट दोनदा कशाला सांगायची? ज्या माणसाशी रोज ज्या भाषेत बोललात, त्याचे आभार त्याच भाषेत माना."

मग कागद बाजूला ठेवून आम्ही माणसं वाटून घेतली. मराठीच्या वाट्याला बाईंना नोकरीला लावणाऱ्या जुन्या मुख्याध्यापिका आणि घरची मंडळी आली. गुजरातीत शिपाईकाका आणि विज्ञानाच्या बेन. काकांबद्दल काय सांगाल, असं विचारल्यावर बाईंना २०१९ चा जुलै आठवला. विश्वामित्रीला पूर आला होता आणि काकांनी खालच्या कप्प्यांतली पुस्तकं एकट्याने वर चढवली होती. "मग हे त्यांना कसं सांगाल?" बाई पटकन म्हणाल्या, "काका, तमे न होत तो छोकरांओने चोपडीओ न मळत." मी तेच, तसंच उतरवून घेतलं. दोन्ही बाजू दोन-दोन मिनिटांच्या झाल्या. शेवटी कार्डावर फक्त माणसं आणि प्रसंग लिहिले. वाक्यं लिहिली असती तर मान पुन्हा खाली गेली असती.

एक अडचण उरली. अहमदाबादहून येणाऱ्या ट्रस्टींना मराठी येत नव्हतं. म्हणून मराठी भागाआधी बाई कोणाबद्दल आणि का बोलणार आहेत, हे एका गुजराती वाक्यात सांगायचं ठरलं. सुरुवातीचा नमस्कार आणि शेवटचं आभाराचं वाक्य मात्र दोन्ही भाषांत ठेवलं.

समारंभात बाई प्रत्येक वेळी आधी त्या माणसाकडे वळल्या आणि मग भाषा बदलली. भाषेचा सांधा कुठेच जाणवला नाही. काकांचं नाव येताच मराठी शिक्षकांनीच आधी टाळ्या वाजवल्या. नंतर चहाच्या वेळी ट्रस्टी जुन्या मुख्याध्यापिकांपाशी जाऊन बसले आणि बाईंनी मराठीत सांगितलेला त्यांचा प्रसंग त्यांनी पुन्हा, सविस्तर सांगायला लावला.