रिपोर्टमधलं ‘लाइकली’ आणि ‘कॅनॉट बी एक्सक्लूडेड’: माझा अनुभव

बाबांचा खोकला काही केल्या हटेना आणि वजनही उतरायला लागलं, तेव्हा नागपूरच्या धंतोलीतल्या छातीच्या डॉक्टरांनी सिटी स्कॅन करायला लावला. रिपोर्ट संध्याकाळी फोनवर आला. खाली ‘इम्प्रेशन’मध्ये लिहिलं होतं: उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात ट्री-इन-बड नोड्यूल्स आणि कन्सॉलिडेशन, ‘सजेस्टिव्ह ऑफ अ‍ॅक्टिव्ह इन्फेक्शन, लाइकली कॉक्स’. त्याखाली, ‘निओप्लाझम कॅनॉट बी एक्सक्लूडेड’. कॉक्स म्हणजे टीबी, निओप्लाझम म्हणजे गाठ. घरात सगळ्यांनी दुसरीच ओळ धरली. आत्या तर बाबांना मुंबईला न्यायच्या तयारीला लागली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी फिल्म लाइटबॉक्सवर लावली. फांदीला कळ्या फुटाव्यात तसे बारीक ठिपके दिसत होते. म्हणाले, “बारीक श्वासनळ्या कशाने तरी भरल्या आहेत, एवढंच यातून कळतं. तिथे जंतू आहेत की नाहीत, ते स्कॅनमध्ये दिसत नाही. म्हणून ‘सजेस्टिव्ह’. पण फुप्फुसाचा वरचा भाग ही टीबीची नेहमीची जागा, म्हणून ‘लाइकली’.”

“आणि गाठीचं काय, डॉक्टर?”

“कन्सॉलिडेशनचा पांढरा डाग आहे ना, त्याच्या आड लहान गाठ असली तरी ती वेगळी दिसणार नाही. तपासणी कुठे थांबते, ते त्यांनी लिहिलंय. गाठीसारखं काही ठळक दिसलं असतं तर ‘सस्पिशियस फॉर’ लिहून बायोप्सी सुचवली असती.”

मग त्यांनी शेवटची ओळ दाखवली. तिथे थुंकीत टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी आणि उपचारानंतर पुन्हा स्कॅन, एवढंच सुचवलं होतं. तेव्हापासून मी कुठलाही रिपोर्ट या ओळीपासून वाचते. शब्द कितीही गुळमुळीत असले तरी लिहिणाऱ्याला कशाची घाई वाटतेय ते तिथे कळतं. (अर्थात प्रत्येक रेडिओलॉजिस्टची लिहायची सवय वेगळी. काही जण ‘कॅनॉट एक्सक्लूड’ सढळ हाताने वापरतात. तेव्हा ज्यांनी तपासायला पाठवलं त्यांनाच विचारावं.)

‘क्लिनिकल कोरिलेशन’, म्हणजे लक्षणांशी जुळवून पाहा, हा रिपोर्टमधला शेरा मला हात झटकल्यासारखा वाटायचा. पण स्कॅनच्या चिठ्ठीवर फक्त ‘खोकला’ लिहिलेलं होतं. संध्याकाळचा बारीक ताप, उतरलेलं वजन हे रिपोर्ट लिहिणाऱ्याला ठाऊकच नव्हतं. ते जुळवायचं काम समोरच्या डॉक्टरांचं.

सीबीनॅटमध्ये टीबीचे जंतू सापडले आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल असंही कळलं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की ही तपासणी निगेटिव्ह आली तरी टीबी नाही असं धरायचं नाही, थुंकीत जंतू कमी असले तर ते निसटतात. सहा महिन्यांच्या गोळ्या झाल्यावर पुन्हा स्कॅन केला. डाग विरला होता, मागे थोडा व्रण उरला होता आणि या वेळी इम्प्रेशनमध्ये निओप्लाझमचा उल्लेखच नव्हता.