तिसऱ्या मजल्यावरची तीन भांडी

"काकू, ओल्या कचऱ्याचं खत करायची सगळ्यात चांगली पद्धत कोणती? वास न येणारी आणि लवकर होणारी सांगा."

लवकर म्हणजे कुठपर्यंत, हे आधी ठरवा. माझं घोडं इथेच अडतं आणि तोवर विचारणाऱ्याची लिफ्ट येते. कचरा दिसेनासा झाला की झालं, की हाताला मातीसारखा लागला की झालं, की त्यात मेथी पेरली आणि ती उगवली की झालं? तीन पद्धतींचं उत्तर या तीन ठिकाणी तीन निरनिराळं येतं. लोकांना एकच नाव हवं असतं. मी "अवलंबून आहे" म्हटलं की "काकू फार खोलात जातात". मग आज जातेच.

आमच्या घरात रोज पाऊण किलोच्या आसपास ओला कचरा निघतो. भाज्यांची देठं, सालं, चहाचा चोथा. गेल्या पावसाळ्यात आषाढ लागल्यावर मी तो रोज बारीक चिरून, एकत्र कालवून, तोलून तीन भांड्यांत सारखा टाकायला सुरुवात केली: भोकांची बादली, कचरा हवाबंद आंबवायची बोकाशी आणि गांडुळांची पेटी. प्रत्येकी २५० ग्रॅम, २८ दिवस, म्हणजे प्रत्येकी ७ किलो. ज्युनियर कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढलेल्या बाईला तराजूशिवाय काही सुचत नाही, हा घरातला नेहमीचा विनोद. शिजवलेलं अन्न मी कुठेच टाकलं नाही, कारण तुलना सारखी व्हायला हवी होती. आता वाटतं, तो बोकाशीवर अन्याय होता. उरलेला भात नि भाजी बिनतक्रार घेणं हीच तर तिची खरी ताकद, आणि मी तिला शर्यतीत एका पायावर उभी केली.

पहिलं भांडं म्हणजे भोकं पाडलेली साधी बादली. तळाशी कोकोपीट, वर रोजचा कचरा आणि त्याच्याइतकाच चुरलेला पाचोळा. दर तीन-चार दिवसांनी खालीवर करायचं. दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागून राहिला, गच्चीवर साठवलेला पाचोळाही दमट झाला, आणि बादलीला सडक्या अंड्याचा वास सुटला. तुम्ही ज्या वासाला घाबरता तो हाच. तो कचऱ्याचा वास नाही, हवा कोंडल्याचा आहे. ओल्या चिखलात फटी उरल्या नाहीत की हवेवाचून जगणारे जीवाणू ताबा घेतात. मूठभर माल हातात घट्ट पिळून बघा. एखाद-दुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर कोरडं कोकोपीट घाला आणि उलथा. मी तेच केलं, दोन दिवसांत वास गेला. वास नाकात झोंबणारा, अमोनियाचा असेल तर मात्र दुखणं वेगळं असतं. तिथे हिरवं जास्त आणि पाचोळा कमी पडलेला असतो, नुसतं उलथून भागत नाही.

या बादलीचं तापमान मी रोज सकाळी घेत होते. सगळ्यात वर गेलं ते ४४ अंशांवर, तेही दोनच दिवस. मोठ्या ढिगात ५५-६० अंश सहज चढतात, कारण आतली ऊब बाहेर जायला वाट नसते. वीस लिटरच्या बादलीला सगळीकडून वारा लागतो. म्हणून बाल्कनीतल्या खतात टोमॅटोचं बी मरत नाही. माझ्या कुंड्यांत आजही न पेरलेले टोमॅटो येतात, त्याचं श्रेय माझ्या हाताला देऊ नका.

चौथ्या आठवड्यात तिच्यात करड्या, जाड अळ्या झाल्या. सूनबाईने बाल्कनीचं दार तीन दिवस उघडलं नाही. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. स्वयंपाकघरात घोंगावणारी माशी ती नव्हे, आणि कचरा त्या अधाशासारखा खातात. मी त्या राहू दिल्या. आठव्या आठवड्याअखेर बादलीत गडद, भुरभुरीत, पावसाळी रानासारख्या वासाचं खत होतं.

दुसरी, बोकाशी. तोटीची, घट्ट झाकणाची बादली. प्रत्येक थरावर आंबवणाऱ्या जीवाणूंचं कल्चर लावलेला गव्हाचा कोंडा मूठभर, वरून दाबायचं, झाकायचं, तिसऱ्या दिवशी तोटीतून पाणी काढायचं. वासाचं म्हणाल तर झाकण बंद असताना काही नाही, उघडल्यावर फसफसलेल्या इडलीच्या पिठाचा. वर पांढरी बुरशी आली तर काम नीट चाललंय, हिरवी-काळी आली तर हवा शिरली. भरून झाल्यावर दोन आठवडे बंद ठेवली आणि उघडली तेव्हा दुधी भोपळ्याची साल सालच होती. कारण ते खत नव्हे, लोणचं आहे. पीएच पेपर बुडवला तर ४, म्हणजे चांगलंच आंबट. ते मातीत मिसळून आणखी तीन-चार आठवडे ठेवायचं, मग त्याचं खत. "दोन आठवड्यांत खत" असं जे सांगतात ते लोणचं मुरेपर्यंतचंच मोजतात.

तिसरी, गांडुळांची दोन मजली पेटी. अर्धा किलो लाल गांडुळं आणली होती. पहिले दहा दिवस त्यांना अन्न जास्त होत होतं, कमी द्यायला हवं होतं. पण तराजूचा हट्ट. तरीही त्यांनी जमवून घेतलं. सहाव्या आठवड्यात खालच्या मजल्यातून मी दोन किलो खत काढलं. चहापूडसारखं बारीक, वास जवळजवळ नाहीच. त्या दिवशी मला विचारलं असतंत तर "गांडूळखत" असं एका शब्दात उत्तर मिळालं असतं.

त्याच आठवड्यात बोकाशीची बादली उघडली होती. मुरवलेला माल गांडुळं आवडीने खातात, असं मी ऐकलं होतं. ते खरंही आहे. मी त्यातला तीन किलो माल, म्हणजे जवळजवळ अर्धी बादली, वरच्या मजल्यात एकसारखा पसरला. कोपऱ्यात नाही, एकसारखा. छान दिसावं म्हणून, दुसरं काय. संध्याकाळी पाऊस सुरू झाला, पेटीवर प्लास्टिक टाकलं आणि झोपले.

पहाटे साडेपाचला खालच्या मजल्यावरच्या आजींची हाक आली. मोठ्याने नव्हे, त्या कधीच मोठ्याने बोलत नाहीत. "वहिनी, जरा बघता का." मी बाल्कनीचं दार उघडलं आणि पाय खाली ठेवता आला नाही. फरशी लाल होती. पेटीच्या भिंतींवर, जाळीवर, कुंड्यांच्या काठांवर गांडुळं. जी आधी निघाली होती ती भिंतीच्या आडोशाला, पाऊस न पोचणाऱ्या कोरड्या फरशीवर सुतळीसारखी वाळली होती. बाकीची पाण्याच्या पन्हाळीतून खाली, आजींच्या बाल्कनीत, त्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या पातळांवर.

आजी जैन आहेत. चातुर्मास चालू होता. त्या दिवेलागणीनंतर जेवत नाहीत, पाणी गाळून पितात, आणि त्यांच्या कठड्याखाली माझी शेकडो गांडुळं मरून पडली होती. मी वर्तमानपत्र आणि चमचा घेऊन खाली गेले. त्या हाताने उचलत होत्या, एक एक, ओल्या फडक्यावर ठेवत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. एकच विचारलं, "किती गेली असतील?" मी म्हटलं, निम्मी तरी. "मोजली नाहीत का? तुम्ही तर सगळं मोजता."

घरी येऊन पेटीत थर्मामीटर खुपसला तर ४१ अंश. पीएच पेपर ४.५. आंबट तर तो माल होताच, शिवाय बंद बादलीतून हवेत आल्याबरोबर नव्याने कुजायला लागून तापला होता. ३५ च्या वर ही गांडुळं तगत नाहीत. आंबट डोळ्यांत गेलं की झोंबतं, तसं त्यांच्या सबंध अंगाला झोंबत असणार. मी माल सगळीकडे पसरला, म्हणून पळायला थंड कोपराही ठेवला नाही. आधी मातीत दोन आठवडे मुरवून, अंड्याच्या टरफलांची पूड घालून, ओंजळभर एकाच कोपऱ्यात दिला असता तर काही झालं नसतं. पीएच पेपर स्वयंपाकघराच्या फडताळात होता, पेटीपासून सहा पावलांवर. सकाळी वापरला, रात्री नाही.

माझी चूक आहे, पद्धतीची नाही, असं मी बरेच दिवस सांगत होते. आता तितकं ठामपणे सांगत नाही. माणसाच्या एका चुकीने ज्या भांड्यात जीव जातात ते भांडं आणि ज्यात फार तर वास येतो ते भांडं, यांची तुलना वेग-वास-माती या तीन रकान्यांत मावत नाही. सूनबाई म्हणते, भावनेच्या भरात बोलताय, बादलीतल्या अळ्यांचं काय? बरोबरच आहे तिचं.

मातीचं म्हणाल तर चार कुंड्यांत मेथीचे पन्नास-पन्नास दाणे पेरले, एक भाग खत नि तीन भाग माती. नुसत्या मातीत ४३ उगवले, बादलीच्या खतात ४४, गांडूळखतात ४६. एवढ्या फरकावर मी कोणाशी पैज लावणार नाही. दहा दिवसांनंतरची पानं मात्र गांडूळखतातली ठळक मोठी होती. बोकाशीचा उरलेला माल मातीत जेमतेम आठवडाभर मुरला होता, त्यात १९ दाणे उगवले. तीच माती आणखी तीन आठवडे ठेवून पुन्हा पेरलं तर ४५. खत तयार आहे का हे तुम्हाला पेरल्याशिवाय बघायचं असेल तर ओंजळभर पिशवीत बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस आलं तर अजून थांबा.

सध्या माझ्याकडे भोकाची बादली आहे आणि उरल्यासुरल्या शिजवलेल्यासाठी बोकाशी. गांडुळांची पेटी धुऊन माळ्यावर ठेवली आहे, दिलेली नाही.

मागच्या महिन्यात आजी तुळशीसाठी थोडं खत मागायला आल्या. मी बादलीतलं दिलं. पिशवी हातात घेऊन त्यांनी विचारलं, "यात जीव नव्हते ना?"

नव्हते, म्हटलं.