सातपुड्याआड मावळणारा सूर्य

ग्रुपवर केळीच्या वेफर्सची एक जाहिरात फिरतेय. पुढे लाकडी टेबल, त्यावर वाटीभर वेफर्स आणि एक पाकीट, मागे केळीचा बगीचा, त्यामागे सातपुडा आणि डोंगराआड बुडणारा लालभडक सूर्य. खाली लिहिलंय, थेट यावलच्या मळ्यातून. लोकांनी पटापट अंगठे दिले. आमच्या आबांनी फोन हातभर लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "घड उलटे आहेत भो." खरंच होतं. घड खाली लटकतो पण फण्यांतली केळी वर वळलेली असतात, आणि इथे सगळी आंब्यासारखी खाली लोंबत होती. एआयचं काम, दुसरं काय.

मग मला चाळाच लागला. स्क्रीनशॉट काढला आणि फोनमध्येच त्यावर रेघा मारायला घेतल्या. बगीच्याच्या ओळी समांतर असतात, त्यामुळे सपाट जमिनीवर लांब जाताना त्या सगळ्या क्षितिजावर एकाच बिंदूत मिळताना दिसायला पाहिजेत. इथे डावीकडच्या ओळी डोंगराच्या वर कुठेतरी मिळत होत्या, उजवीकडच्या टेबलाच्या कडेजवळच. ड्रिपची नळी एका बुडख्यामागे शिरली आणि पलीकडून चक्क वीतभर वर निघाली.

पण खरी मजा त्या वाटीत आहे. वाटीचं तोंड बरोबर डोळ्यांच्या उंचीवर असेल तर ते नुसती आडवी रेघ दिसतं, आणि जसजसं तुम्ही वरून बघाल तसतसं ते उघडत जातं. या फोटोत तोंडाची उंची रुंदीच्या पाऊणपट होती, म्हणजे कॅमेरा वाटीकडे जवळपास ५० अंश खाली बघतोय. मग क्षितिजही वाटीच्या ५० अंश वर हवं, म्हणजे फोटोच्या अगदी वरच्या कडेला नाहीतर बाहेरच. इथे ते वाटीच्या जेमतेम दोन बोटं वर होतं. टेबल स्टुलावर उभं राहून बघितलेलं, बगीचा मात्र जमिनीवर बसून. अर्थात दोन वेगळे फोटो चिकटवले तरी हीच चूक होते, त्यामुळे एकट्या वाटीवरून एआय सिद्ध होत नाही, हा एका कॅमेऱ्याने एका जागेवरून काढलेला फोटो नाही एवढंच कळतं.

आता पानं. आपल्याकडच्या वाऱ्याने केळीचं पान फाटतं आणि प्रत्येक पान वेगळं फाटतं. इथे दर दोन-तीन झाडांनंतर तोच फाटका कोपरा परत येत होता, अगदी कॉपी-पेस्ट नाही, थोडा वळवून. फोटोशॉपमध्ये ठसा मारला तर डाग न् डाग जुळतो, हा प्रकार जुळ्या भावांसारखा, सारखा पण तोच नाही. तरी पोतावर फार भरवसा ठेवू नका. चार ग्रुप फिरून आलेल्या फोटोत कॉम्प्रेशनने पानांचा लगदा झालेला असतो, खऱ्याचा पण. रेघांची भूमिती तेवढी लवकर पुसली जात नाही.

आणि सूर्य! यावलहून सातपुडा उत्तरेला. जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या पंचवीसेक अंश उत्तरेकडे सरकून मावळतो, तेव्हा फार तर रांगेच्या पार डाव्या टोकाकडे जाईल. इथे अख्खी रांग समोर आडवी आणि सूर्य मधोमध. बरं, सूर्य मागे आहे तर पाकिटाची सावली आपल्याकडे यायला पाहिजे ना, ती गेलीय मागे, बगीच्यात.

असं होतं कारण चित्र तयार करणाऱ्या मॉडेलकडे जमीन, कॅमेरा, सूर्य असं काही मांडलेलं नसतं, ते लाखो फोटोंवरून कशाशेजारी काय शोभतं ते शिकलेलं असतं. म्हणून तुकडा तुकडा पटतो आणि सगळं मिळून पटत नाही. बर्कलेचे प्राध्यापक हॅनी फरीद यांनी २०२२ मध्ये डॅल-ई २ या एआय मॉडेलची चित्रं अशीच रेघा मारून तपासली होती, तर फरशीसारख्या गोष्टी बऱ्यापैकी जमलेल्या, सावल्या आणि प्रतिबिंबं मात्र फसलेली. नवी मॉडेलं बरीच सुधारलीत, त्यामुळे घड उलटे सापडतीलच असं नाही.

उलटाही घोळ होतो. मामेभावाने फैजपूरच्या रस्त्यावरून संध्याकाळी झूम करून फोटो टाकला, डोंगर एवढा मोठा की विजेच्या खांबांच्या डोक्यावर बसल्यासारखा. ग्रुपवर लगेच सुरू, "एआय आहे, एआय आहे." तो बिचारा चिडला. अरे, लांबून झूम केलं की जवळचं-लांबचं असं दबून एकाला एक चिकटतंच. मी रेघा मारून पाहिल्या, खांबांच्या तारा आणि रस्त्याच्या दोन्ही कडा एकाच जागी मिळत होत्या, आणि डोंगरावरचं ऊन डावीकडून येत होतं, उत्तरेकडे तोंड करून उभ्या माणसाला संध्याकाळी येतं तसं. तसं लिहिलं ग्रुपवर, तर एकाने विचारलं, "मग वेफर्स तरी खरे आहेत का?"