अठरा मिलिमीटर

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, श्रद्धांजलीचे फ्लेक्स ही रोजची कामं. त्यात गेल्या पंधरा-वीस वर्षांत आणखी एक काम चिकटलं: रक्षाविसर्जनाच्या दिवशी स्मशानात कुणी चार शब्द बोलणार असेल, तर ते लिहून देणं. परवा ते मला माझ्याच मित्रासाठी करावं लागलं. वय 51, माझ्याच बाकावरचा. रात्री जेवून झोपला, तो सकाळी उठलाच नाही.

त्याच्या थोरल्या भावानं फोन केला. "तूच बोल बाबा, दुसरं कोण बोललं तर वहिनीला ऐकवणार नाही."

लोकांना मी सांगतो की जिथं आवाज टिकत नाही तिथं वाक्य छोटं ठेवा. मराठीत क्रियापद शेवटी येतं. गळा दाटला तो नेमका त्याच्या आधी, तर वाक्य अधांतरी राहतं आणि ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून एका श्वासात एक वाक्य. दुसरी अडचण 'होता'ची. "तो प्रेमळ होता, कष्टाळू होता" असं वाचताना प्रत्येक 'होता'ला तो माणूस परत एकदा जातो. त्यापेक्षा त्यानं काय केलं ते सांगावं. केलं, आणलं, शिव्या दिल्या. ही क्रियापदं उभी राहतात.

हे सगळं ठाऊक असूनही माझा पहिला मसुदा रडका झाला. 'माझ्याच वयाचा' हे शब्द त्यात चार वेळा आले होते. वाचून बघितलं तेव्हा लक्षात आलं, मी त्याच्याबद्दल नाही, माझ्या भीतीबद्दल लिहीत होतो. आदल्याच दिवशी मी गुपचूप ईसीजी काढून आलो होतो. तीन ठिकाणचं खोडलं, एक ठेवलं. तो कसा गेला याचंही एकच वाक्य ठेवलं. तीन दिवस घरात येणारा प्रत्येकजण तेच विचारत होता, वहिनींनी ते अजून एकदा कशाला ऐकायचं?

मग उरलं काय? काउंटर.

तो उद्यमबागेत पॅटर्नमेकर. ओतकामासाठी आधी लाकडाचा नमुना लागतो, तो करणारा. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून यांची मापाची पट्टीच वेगळी असते, प्रत्येक धातूची निराळी. याची बिडाची. तिच्यावर 600 लिहिलेलं असतं, पण ती खरी भरते 606. 2004 साली मी दुकान घातलं, तेव्हा ह्यानं हट्टानं माझं सागवानी काउंटर केलं. जागेचं माप साध्या टेपनं घेतलं, 1800. लाकडावर खुणा केल्या कारखान्यात, सवयीनं आपल्या पट्टीनं, तीनदा टाकून. काउंटर आलं ते 18 मिलिमीटर जास्त. भिंतीत जाईना. मी चिडलो. हा शांतपणे म्हणाला, "ओरडालास कशाला? ओतून बघ, बरोबर बसतंय." मग करवत काढली, कडेची पट्टी कापली आणि चहा मागितला.

एवढंच लिहिलं. 20 पॉइंटमध्ये, कागदाच्या एकाच बाजूला, श्वास घ्यायचा तिथं ओळ तोडून. एकही वाक्य पुढच्या पानावर जाऊ दिलं नाही. स्मशानात वारा असतो, पान उलटताना हात थरथरतात. मोठ्यानं वाचून घड्याळ लावलं तर साडेतीन मिनिटं भरली.

माझ्याआधी एक पुढारी बोलले, सतरा मिनिटं. दोनदा नाव चुकले. 'क्रूर काळाने झडप घातली' झालं, वॉर्डातल्या रस्त्याचंही झालं. असल्या माणसांना माइक देऊच नये, खरं ते भावाला कोण सांगणार?

पहिल्या पानावर मला त्याचं शाळेतलं नाव घ्यायचं होतं. तिथं अडकलो. वर बघितलं नाही, कागदावरचं बोट पुढच्या ओळीवर नेलं आणि तिथून धरलं. "ओतून बघ" आलं तेव्हा मागं उभे असलेले त्याचे कारखान्यातले कानडी मोल्डर आधी हसले. मग बाकीच्यांना कळलं की हसायला चालतंय. वहिनींनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला सांगता येणार नाही. शेवटचं वाक्य त्याचंच, कोणतंही काम नेलं की म्हणायचा ते: "आगतद बिडप्पा." ते मी कानडीतच ठेवलं होतं. 'होईल रे' लिहून बघितलं होतं, पण तो तसं कधी म्हणाला नव्हता.

कागद उडू नयेत म्हणून त्या कापलेल्या पट्टीचा एक तुकडा मी वर ठेवला होता. दुकानात वीस वर्षं पेपरवेट म्हणून पडलेला. सगळं आटोपल्यावर एक म्हातारा मोल्डर आला, तो तुकडा उचलून त्यानं अंगठ्यानं जाडी बघितली.

"बरं झालं, पट्टी बिडाची घेतली," तो म्हणाला. "स्टीलची असती तर छत्तीस आलं असतं."